खानापूर रोडवरची खानावळ: महिन्याला ४५ हजार सुटायचे तर दिवसाला किती थाळ्या?

खानापूर_रोड

नमस्कार मंडळी. बेळगावहून खानापूरला जाताना रस्त्याकडेला आमची खानावळ आहे. २८ खुर्च्या आणि दोनच थाळ्या, मटण २८० रुपये आणि शाकाहारी १२०. सोमवारी बंद, म्हणजे महिन्याचे २६ दिवस धंदा. सरासरी दिवसाला ६० थाळ्या जातात, त्यात मटणाच्या २४. रविवारी गोव्याकडची गाडी थांबते तेव्हा ९५ पर्यंत जातात, गुरुवारी ४५ झाल्या तरी पुष्कळ.

मटण थाळीचा खर्च मी असा धरलाय: दीडशे ग्रॅम मटण, ८०० रुपये किलोने १२० रुपये. भाकरी, भात, रस्सा, मसाला, तेल मिळून ३२, गॅस ८. आम्ही जीएसटीच्या कॉम्पोझिशनमध्ये आहोत, त्याचे विक्रीवर ५ टक्के म्हणजे १४. एकूण १७४. शाकाहारीला माल ४८, गॅस ६, कर ६, एकूण ६०.

थाळ्या कितीही जावोत, महिन्याला जाणारच असे खर्च: भाडं १८ हजार, आचारी २२, दोन मदतनीस मिळून २६, वेटर १२, लाईट-पाणी ५, भांडी आणि फ्रिजची दुरुस्ती ५, आणि साफसफाई, फोन, कामगारांचं जेवण वगैरे ६. बेरीज ९४ हजार. मी आणि घरचे पगार घेत नाही, जे सुटेल तेच आमचं.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. घरखर्च आणि मुलीची फी धरून महिन्याला ४५ हजार सुटायला पाहिजेत, त्यासाठी किती थाळ्या लागतील? दुसरं, वरच्या हिशेबाने आत्ता २८ हजार सुटायला हवेत, पण महिनाअखेर हातात वीसच राहतात. बाकीचे कुठे जातात?

शहापूर_हिशेब

दादा, आकडे इतके नीट मांडलेत की काम सोपं झालं. आधी पहिला प्रश्न घेऊ.

मटण थाळीमागे २८० मधून १७४ वजा जाता १०६ उरतात, शाकाहारीमागे ६०. दर दहा थाळ्यांत चार मटणाच्या आणि सहा शाकाहारी जातात, तेव्हा सरासरी एका थाळीमागे ७८ रुपये ४० पैसे. हे नफ्याचे पैसे नव्हेत, हे आधी त्या ९४ हजारांत पडायचे. ९४ हजारांना ७८.४० ने भागा, महिन्याला ११९९ थाळ्या येतात, दिवसाला ४७. सत्तेचाळीस गेल्या की भाडं, पगार सगळं भागलं. अठ्ठेचाळिसाव्या थाळीपासून जे उरतं ते तुमच्या घरचं.

तुमच्या जातात ६०, महिन्याला १५६०. म्हणजे १५६० पैकी ३६१ थाळ्या कमी झाल्या तरी तोटा नाही. टक्क्यांत २३. ही तुमची मार्जिन ऑफ सेफ्टी. शेजारी नवीन धाबा उघडला आणि चौथाई गिऱ्हाईक तिकडे गेलं तर तुम्ही तोट्यात जाल, असं ती सांगते.

४५ हजारांसाठी ते ४५ हजारही ९४ मध्येच मिळवायचे. १ लाख ३९ हजार भागिले ७८.४० म्हणजे १७७३ थाळ्या, दिवसाला ६९. आजच्यापेक्षा नऊ जास्त.

पण एक सांगा. ६९ थाळ्या याच माणसांत निघतील का?

खानापूर_रोड

सत्तरपर्यंत ओढाताण करून निघतात. त्यावर गेलं की भाकऱ्या थापायला आणखी एक बाई लागते. महिन्याला १३ हजार. रविवारी घरातले दोघेजण येऊन सांभाळतात, रोज ते जमणार नाही.

शहापूर_हिशेब

तिथेच खरी गाठ आहे. बाई ठेवली की ९४ चे १ लाख ७ हजार होतात. मग ४५ हजारांसाठी ६९ पुरत नाहीत, ७५ लागतात. आणि बाई ठेवूनही थाळ्या ६० वरच राहिल्या तर ना नफा ना तोटा होण्याची जागा ४७ वरून ५३ वर सरकते, मार्जिन ऑफ सेफ्टी २३ वरून साडेबारा टक्क्यांवर येते. म्हणून गिऱ्हाईक सत्तरच्या आसपास टिकतंय असं दोन-तीन महिने दिसल्याशिवाय पगारी माणूस वाढवू नका. तोवर ज्या दिवशी गर्दी त्या दिवसापुरती रोजावर बाई मिळते का पाहा. रोजाचा खर्च धंद्याबरोबर वरखाली होतो, पगाराचा होत नाही.

निपाणी_भाऊ

माझं मत वेगळं आहे. शाकाहारी थाळीत १२० मधले ६० उरतात, म्हणजे ५० टक्के. मटणात २८० मधले १०६, म्हणजे ३८ टक्केच. मग मटणाच्या मागे कशाला लागायचं? शाकाहारी वाढवा, टक्का वाढेल, नफा आपोआप वाढेल. माझं निपाणीत मिसळ आणि चहाचं आहे, मी टक्क्यावरच चालतो.

शहापूर_हिशेब

भाऊ, टक्का तुम्ही बरोबर काढलात. पण भाडं रुपयांत द्यायचं असतं. रविवारी दुपारी २८ च्या २८ खुर्च्या भरलेल्या असतात. अशा वेळी एका खुर्चीवर मटण खाणारा बसला तर १०६ उरतात, शाकाहारी बसला तर ६०. जागा मर्यादित असेल तेव्हा खुर्चीमागे किती रुपये उरले ते बघायचं, टक्का नाही. गुरुवारी निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतात, तेव्हा शाकाहारी गिऱ्हाईक जेवढं वाढेल तेवढं चांगलंच, कारण ते कुणाची जागा अडवत नाही.

निपाणी_भाऊ

मग वेळ का धरत नाही? मटण खाणारा हाडं चोखत निवांत बसतो. माझ्या अंदाजाने तो ४० मिनिटं घेतो आणि शाकाहारीवाला २५ मिनिटांत उठतो. मिनिटावर काढा, १०६ ला ४० ने आणि ६० ला २५ ने भागा.

शहापूर_हिशेब

२.६५ आणि २.४०. मटण पुढे आहेच, पण तुम्ही म्हणता तसा फरक फारच कमी उरतो. मुद्दा बिनतोड आहे. रविवारी बारा ते तीनमध्ये कोण किती वेळ बसतं ते घड्याळ लावून लिहिल्याशिवाय यावर कुणीच छातीठोक बोलू नये. दादा, एक रविवार मोजाल का?

मच्छे_मेसवाली

मी पण विचारते. मच्छेला व्हीटीयूच्या अलीकडे माझी मेस आहे, पोरं महिन्याचे पैसे आधीच भरतात. मला तुमच्यासारखं रोज किती थाळ्या ते धरता येत नाही. पोरगं गावी गेलं तर खाडा, आणि चार दिवसांच्या आतला खाडा मी वळता करत नाही. मग माझी थाळी कुठली धरायची, भरलेली की खाल्लेली?

शहापूर_हिशेब

आक्का, तुमच्याकडे विकलं जातं ते ताट नाही, महिन्याचं नाव आहे. तेव्हा एका पोरामागे महिन्याला किती उरतात ते काढा, आणि किती नावं असली की भाडं-पगार भागतात ते बघा. न वळता केलेल्या खाड्यात धान्य-भाजी वाचते, तो तुमचा फायदा, पण त्यावर हिशेब उभा करू नका. आणि तुमची मार्जिन ऑफ सेफ्टी दिवाळीची आणि परीक्षेनंतरची सुट्टी वेगळी काढून बघायला हवी. त्या महिन्यात नावंच निम्मी होत असतील, भाडं मात्र तेवढंच.

मच्छे_मेसवाली

मे-जूनला तर बारा पोरंसुद्धा नसतात. हे कागदावर मांडून मग परत येते.

टिळकवाडी_२

मार्जिन ऑफ सेफ्टी म्हणजे तीन महिन्यांचं भाडं बँकेत ठेवणं ना? आम्ही तेच करतो. आणि दादा, तो ५ टक्के कर तुम्ही खिशातून का भरताय, बिलावर लावा आणि गिऱ्हाईकाकडून घ्या की.

शहापूर_हिशेब

बँकेत ठेवता ती राखीव रक्कम, तिचा उपयोग आहेच, पण दादांनी विचारलं ते किती थाळ्या घटल्यावर तोटा सुरू होतो हे. कराचं म्हणाल तर कॉम्पोझिशनमध्ये राहून तो बिलावर लावून घेता येत नाही, मालकालाच भरावा लागतो. म्हणूनच दादांनी तो थाळीच्या खर्चात धरला, ते बरोबर केलं. नियमित योजनेत गेले तर ५ टक्के बिलावर लावता येईल, पण मग २८० ची थाळी गिऱ्हाईकाला २९४ ला पडेल, आणि मालावर भरलेला कर तिथेही परत मिळत नाही. वर रिटर्नचं काम वाढतं.

आता दादांचा दुसरा प्रश्न. कागदावर २८ आणि हातात २०. असा फरक दर महिन्याला येत असेल तर तो बहुतेक थाळीच्या खर्चात लपलेला असतो, कारण भाडं-पगाराची पावती तरी असते. दीडशे ग्रॅम हा वाढायचा आकडा आहे. खरेदीचा आकडा काय? मटणवाल्याची महिन्याची वही काढा, एकूण किलो बघा आणि विकलेल्या मटण थाळ्यांनी भागा.

खानापूर_रोड

आज वही काढून बसलो. गेल्या महिन्यात १०४ किलो मटण आणलंय. मटण थाळ्या ६२४. म्हणजे थाळीला जवळजवळ १६७ ग्रॅम. दीडशे नाहीच.

शहापूर_हिशेब

मिळालं उत्तर. थाळीमागे १७ ग्रॅम जास्त म्हणजे साधारण १३ रुपये. ६२४ थाळ्यांवर ते ८ हजारांच्या थोडं वर जातात. २८ मधून ८ वजा करा, तुमच्या हातातले वीस.

आता हे १७ ग्रॅम कुठे जातात ते तुम्हालाच शोधावं लागेल. रात्री उरलेला रस्सा टाकला जातो का, कामगार त्यातच जेवतात का, ओळखीच्या गिऱ्हाईकाला दोन तुकडे जास्त पडतात का, की मटणवाला चरबी-हाड जास्त घालतो. पहिल्या आठवड्यात फक्त रात्री पातेल्यात उरलेलं वजन करून लिहा. उरलेलं कमी निघालं तर मग वाढण्याकडे वळा.

तोवर हिशेब खऱ्या आकड्याने करू. मटण थाळीमागे १०६ नाही, ९३ उरतात. सरासरी थाळीमागे ७३.२०. मग तोटा टळायला दिवसाला ५० थाळ्या लागतात, मार्जिन ऑफ सेफ्टी साडेसतरा टक्क्यांच्या आसपास येते, आणि ४५ हजारांसाठी ७४ थाळ्या. ७४ म्हणजे सत्तरच्या वर, म्हणजे भाकरीची बाई आली, आणि तिचे १३ हजार धरले की ८०. साठवरून ऐंशी. पातेल्यातले १७ ग्रॅम अडवले तर तेच काम ६९ मध्ये होतं, बाईशिवाय.

निपाणी_भाऊ

हे मला पटलं. पण श्रावणाचं कुणी काढलंच नाही. आमच्याकडे श्रावणात मटण-चिकनवाले अर्धे दिवस शटर ओढतात. २०२३ ला तर अधिक श्रावण आला होता, जुलैच्या मध्यापासून पार सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. कित्येक घरांत दोन्ही महिने पाळले. दादा, तुमच्याकडे किती उतरतं?

खानापूर_रोड

श्रावणात मटणाच्या सहा जातात. शाकाहारी मात्र ४० पर्यंत जाते, उपवास सोडायला, देवदर्शनाला निघालेली माणसं येतात. एकूण ४६. पन्नासला चारच कमी म्हणून मी फार मनावर घेत नव्हतो.

शहापूर_हिशेब

दादा, हे मनावर घ्या. पन्नासचा आकडा दहात चार मटणाच्या या प्रमाणावर उभा आहे. श्रावणात ते प्रमाण उरत नाही. सहा मटणाच्या आणि चाळीस शाकाहारी मिळून दिवसाला २९५८ रुपये उरतात, म्हणजे थाळीमागे ७३ नाही, ६४. मग ९४ हजार भागवायला दिवसाला ५७ थाळ्या लागतात. कमी पडतात त्या चार नाहीत, अकरा. महिन्याला ७६ हजार ९०० जमतात आणि १७ हजारांचा तोटा होतो. चारच कमी धरल्या असत्या तर साडेसात हजारांचा वाटला असता.

थाळ्यांची संख्या बघून धंदा ठीक आहे असं वाटतं आणि गल्ला रिकामा राहतो, ते असं होतं. म्हणून मार्जिन ऑफ सेफ्टी वर्षाची एक काढून उपयोग नाही. एक नेहमीच्या महिन्याची आणि एक श्रावणाची, अशा निदान दोन काढा. टिळकवाडीवाल्यांनी बँकेतल्या पैशाचं काढलं ते इथे लागू पडतं: श्रावणाचे १७ हजार आषाढ संपायच्या आत बाजूला पडलेले हवेत, आणि अधिक श्रावण असेल त्या वर्षी दुप्पट.

टिळकवाडी_२

मग श्रावणभर बंदच ठेवलं तर? १७ हजार तोटा सोसण्यापेक्षा बरं.

शहापूर_हिशेब

बंद ठेवून काय वाचतं ते मोजा. भाडं जाणारच. आचारी सोडला तर परत मिळत नाही, त्याचा पगार जाणारच. वाचेल तो वेटरचा १२, एका मदतनीसाचा १३, लाईटमधले फार तर ३. एकूण २८. म्हणजे ९४ मधले ६६ हजार घरातून घालायचे. उघडं ठेवून १७ हजार जातात. थाळीचा माल, गॅस आणि कर निघून महिन्याला या २८ हजारांपेक्षा जास्त उरतंय तोवर उघडं ठेवणं परवडतं.

त्यापेक्षा श्रावणापुरती एखादी १६० ची उपवासाची किंवा पुरणपोळीची थाळी करून बघा. तिच्यात ८० उरत असतील आणि चाळीसपैकी पंधरा जणांनी ती घेतली तर दिवसाला ३०० वाढतात, महिन्याला ७ हजार ८००. तुमच्या भागात १६० ला जाईल का ते तुम्हीच जाणता.

मच्छे_मेसवाली

पुरणपोळीला हात लागतो हो. थाळीत दोन पोळ्या द्यायच्या म्हटलं तरी पुरण वाटायला सकाळचा एक माणूस अडकतो. हे त्या ८० मध्ये धरलंय का?

शहापूर_हिशेब

नाही आक्का. मटण कमी झाल्यामुळे मदतनीसाचा वेळ मोकळा होतो, त्यात बसेल असं मी गृहीत धरलं. नाही बसलं तर रोजावर माणूस, आणि मग ते ३०० पुष्कळ कमी होतात. दादांनी एक दिवस करून बघितल्याशिवाय सांगता येणार नाही.

खानापूर_रोड

उपवासाची थाळी जमेल, पुरणपोळीचं आईला विचारतो. आता एक शेवटचं. मटण थाळी ३०० केली तर? शेजारच्या दोघांकडे २७० आहे.

शहापूर_हिशेब

वीस रुपये वाढले की त्यातला एक रुपया करात जातो, १९ उरतात. ९३ चे ११२ होतात. मग सरासरी थाळीमागे ८०.८० उरतात, आणि ४५ हजार दिवसाला ६७ थाळ्यांत सुटतात. सत्तरच्या आत, बाई नको.

पण गिऱ्हाईक तुटेल ते धरा. आज २४ थाळ्यांवर ९३ ने २२३२ उरतात. ११२ ने तेवढेच उरायला २० थाळ्या पुरतात. म्हणजे चोवीसपैकी चार गेल्या तरी तुम्ही होतात तिथेच, पाचवी गेली की दर वाढवून तोटा.

निपाणी_भाऊ

शेजारी २७० असताना ३०० म्हणजे चार नाही, आठ तुटतील. मी तर वाढवणार नाही. आधी पातेलं बघा.

शहापूर_हिशेब

रोजची गावातली गिऱ्हाईकं तुटतील, हे भाऊंचं खरं असू शकतं. गोव्याकडे जाणाऱ्या गाड्यांना शेजारचा दर माहीत नसतो. दादा, चोवीसपैकी गावातले किती आणि वाटसरू किती?

खानापूर_रोड

रविवारी बहुतेक वाटसरू, बाकी दिवशी दहात सात तरी गावातले. उद्यापासून वहीत दोन रकाने करतो. आणि पातेल्याचं वजन काल रात्रीपासून सुरू केलंय: पहिल्या रात्री ३५० ग्रॅम मटण उरलं होतं. रोज १७ ग्रॅमप्रमाणे २४ थाळ्यांचे ४०० व्हायला हवेत, म्हणजे बराचसा माल इथेच जातोय असं दिसतंय. एकाच रात्रीवरून बोलत नाही, आठवड्याचे आकडे टाकतो.

मच्छे_मेसवाली

उरलेलं टाकता की दुसऱ्या दिवशी कामगारांना? त्यांना देत असाल तर ते तुमच्या त्या ६ हजारांतल्या जेवणात आधीच धरलंय, मग दोनदा मोजाल.

खानापूर_रोड

आक्का, अर्धं टाकतो, अर्धं आचारी घरी नेतो. हे वेगळं लिहायला पाहिजे. लिहितो.